कधीच 'नाही' न म्हणणारी कमिटी

प्रश्न: ताई, मी राज्यशास्त्राच्या एम. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारचा विषय घेतलाय 'लोकशाहीत खरी सत्ता कुणाकडे असते'. बहुलवादी वाचले की वाटतं बरोबर आहे, सत्ता वाटलेलीच असते. अभिजनवादी वाचले की वाटतं छे, वरचे मूठभर लोकच सगळं ठरवतात. आणि दोघंही त्याच न्यू हेवन शहराचं उदाहरण देतात! सर म्हणतात एक बाजू घे आणि ठामपणे मांड. महिनाभर वाचतेय आणि रोज मत बदलतंय. कुठली बाजू घेऊ? – रोज मत बदलणारी

उत्तर: बाजू आत्ता घेऊ नकोस. आधी न्यू हेवनमधल्या एका कमिटीकडे माझ्यासोबत नीट बघ. मी हा विषय बरीच वर्षं शिकवलाय आणि माझा अनुभव सांगते, ज्याला ही एक कमिटी कळली त्याला हा अख्खा वाद कशावर अडलाय ते कळतं, आणि ज्याने नुसत्या व्याख्या पाठ केल्या तो पेपर चांगला लिहितो पण मत मात्र शेवटच्या वाचलेल्या पुस्तकाप्रमाणे बदलत राहतं.

तर न्यू हेवन, अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातलं येल विद्यापीठाचं शहर. रिचर्ड ली नावाचा माणूस १९५३ ला निवडून येऊन महापौर झाला. त्याआधी तो दोनदा हरला होता, १९५१ ला तर फक्त २ मतांनी. त्या प्रचारात तो ओक स्ट्रीट नावाच्या गरीब वस्तीत घरोघरी गेला होता, आणि तिथली अवस्था बघून बाहेर आला तेव्हा इतकं मळमळत होतं की रस्त्याच्या कडेलाच बसला, हे त्याने स्वतःच नंतर सांगितलंय. हा प्रसंग लक्षात ठेव, ओक स्ट्रीटकडे परत यायचंय.

महापौर झाल्यावर लीने शहराचा पुनर्विकास हे आपलं मुख्य काम केलं. जुन्या वस्त्या पाडायच्या, रस्ते रुंद करायचे, मधला बाजारभाग नव्याने बांधायचा, आणि पैसा बराचसा केंद्र सरकारचा. हे सगळं एकट्या महापौराच्या नावावर चालणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं म्हणून १९५४ ला त्याने एक नागरिक कृती समिती नेमली, सिटिझन्स ॲक्शन कमिशन. त्यात बँकवाले, कारखानदार, येलचे अध्यक्ष, कामगार संघटनांचे पुढारी, म्हणजे शहरात ज्यांच्या शब्दाला वजन आहे असे सगळे, आणि खालच्या उपसमित्या धरल्या तर चारशेच्या वर माणसं. शहरातला एकही मोठा गट बाहेर राहणार नाही अशी ती रचना होती.

काही वर्षांनी येलचाच प्राध्यापक रॉबर्ट डाल आणि त्याचे विद्यार्थी या शहराचा अभ्यास करायला लागले, एक विद्यार्थी तर महिनोन्‌महिने महापौरांच्या ऑफिसातच बसून काम कसं चालतं ते बघत होता. त्यांनी या समितीच्या लोकांना विचारलं, की महापौर आणि त्यांचा विकास प्रशासक एडवर्ड लोग यांनी तुमच्यासमोर जे प्रस्ताव आणले त्यातला एखादा तुम्ही फेटाळला का, बदलला का, स्वतःहून एखादा नवा मांडला का? सभासदांना असं काही आठवेना. या समितीने महापौरांचा एकही प्रस्ताव ना अडवला ना बदलला, असं डालने लिहून ठेवलंय.

आता इथे थांब आणि स्वतःला विचार, शहरातली सगळ्यात वजनदार माणसं एका टेबलाभोवती बसलीत आणि वर्षानुवर्षं कशालाच 'नाही' म्हणत नाहीयेत, याचा अर्थ काय?

डालचा अर्थ सरळ होता. ही मंडळी सत्ता चालवत असती तर कुठेतरी पुढाकार दिसला असता, कुठेतरी नकार दिसला असता. तो दिसत नाही, उलट पुनर्विकासाच्या यशस्वी ठरलेल्या गोष्टी मोजल्या तर साधारण निम्म्या ली आणि लोग या दोघांच्याच खात्यावर जातात. म्हणजे सूत्रं निवडून आलेल्या माणसाच्या हातात आहेत, आणि तो माणूस असा की ज्याला २ मतं कमी पडली म्हणून दोन वर्षं घरी बसावं लागलं होतं. यावरूनच १९६१ ला डालचं 'हू गव्हर्न्स?' हे पुस्तक आलं आणि बहुलवादाचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणून ते आजही वाचलं जातं.

डाल कुणाला उत्तर देत होता हे माहीत असल्याशिवाय त्याचा आग्रह कळत नाही. १९५३ ला फ्लॉइड हंटरने अटलांटा शहरावर पुस्तक काढलं होतं. त्याची पद्धत अशी की आधी वेगवेगळ्या क्षेत्रातल्या १७५ च्या वर वजनदार लोकांच्या याद्या केल्या, मग शहराची चांगली माहिती असलेले १४ जण निवडून त्यांना विचारलं की यातले खरे वरचे कोण, आणि त्यातून ४० नावं काढली. त्यात उद्योग-व्यापारातली माणसं सगळ्यात जास्त. हंटर म्हणाला हीच ती सत्तेची उतरंड. डालचं म्हणणं की बाबा, तू लोकांना 'वरचे कोण' असं विचारलंस म्हणून त्यांनी वरचे सांगितले, कुणीच वरचं नाही हे उत्तर तुझ्या प्रश्नात बसतच नव्हतं, आणि जे मोजलंस ती सत्ता नाही, सत्तेबद्दलची ख्याती आहे. १९५८ च्या एका लेखात त्याने अटच घातली, की अभिजन राज्य करतात असं म्हणायचं असेल तर आधी तो गट नेमका कोणता ते सांगा, मग असे महत्त्वाचे निर्णय दाखवा जिथे त्या गटाला एक हवं होतं आणि बाकीच्यांना दुसरं, आणि मग दाखवा की अशा वेळी नेहमी तोच गट जिंकला. ही अट मला अजूनही फार आवडते, कारण 'सगळं वरचेच ठरवतात' असं कुणी हात झटकून म्हणालं की त्याला पुराव्याला बसवायला ही उपयोगी पडते. तुझ्या सेमिनारमध्ये अभिजनवादाच्या बाजूने बोलायचं ठरलं तरी या अटीला टाळून पुढे जाऊ नकोस.

आणि डालकडे दाखवायला जिवंत गोष्टीही होत्या. त्यातली एक मला नेहमी सांगावीशी वाटते. १९५३ ला न्यू हेवनच्या हिल नावाच्या कामगार वस्तीत एकाने धातूची तयार घरं उभी करायचं ठरवलं, स्वस्तात आणायची, भाड्याने द्यायची. शेजारपाजारचे लोक, बरेचसे इटालियन वंशाचे, ज्यांनी कधी राजकारणात बोट घातलं नव्हतं, ते चिडले. त्यांनी संघटना काढली, सभा घेतल्या, नगरसेवकांच्या मागे लागले, निवडणूक तोंडावर होती त्यामुळे नगरसेवकांनाही ऐकावं लागलं, आणि लोकांना नको असलेली ती घरं अडली. काम झाल्यावर लोक परत आपापल्या घरी, आपापल्या कामाला. डालचं म्हणणं असं की सामान्य माणसाकडे मत असतं, वेळ असतो, शेजारी असतात, तो ते एरवी वापरत नाही एवढंच, पण त्याच्या दारापर्यंत गोष्ट आली की वापरतो आणि पुढारी हे ओळखून असतात. हे खोटं नाहीये. अभिजनवाद्यांची पुस्तकं वाचताना अशा गोष्टी विसरल्या जातात म्हणून मुद्दाम सांगितली.

मग अडचण कुठे आहे? आता तुला ती सांगते, आणि ही माझ्या मते या वादातली सगळ्यात महत्त्वाची जागा आहे.

डालने तीन विषय घेतले होते, पुनर्विकास, सार्वजनिक शाळा आणि पक्षांच्या उमेदवाऱ्या. तिन्हीकडचे पुढाकार घेणारे लोक वेगवेगळे निघाले, एकापेक्षा जास्त विषयांत ज्यांचा हात दिसला असे जेमतेम तीन, आणि ते तिघंही आजी-माजी महापौर. हे ऐकलं की वाटतं, संपलं, सत्ता वाटलेली आहे. पण शहरातली श्रीमंत मंडळी मोठ्या प्रमाणावर राहायला होती उपनगरांत, म्हणजे शहराच्या हद्दीबाहेर! त्यांची मुलं या शाळांत नव्हती, तिथली उमेदवारी त्यांना मिळणार नव्हती. हे डालनेच लिहिलंय, लपवलं नाहीये. मग ज्या दोन विषयांत त्यांना काही पडलेलीच नव्हती तिथे ते दिसले नाहीत यावरून काय सिद्ध होतं? एखादा माणूस ज्या दुकानात जातच नाही तिथे त्याची उधारी शोधायची आणि म्हणायचं बघा कसा स्वच्छ हिशोब आहे, तसं झालं हे. उरला एकच विषय जिथे त्यांचं खरं हित होतं, जमीन आणि बाजारपेठ, म्हणजे पुनर्विकास. आणि तिथे तर आपली ती कमिटी बसलीय, कशालाच नाही न म्हणणारी.

तिच्याकडे परत बघ. डालने आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवलीय जी मुलं घाईत वाचून पुढे जातात. महापौर या लोकांना काय पटेल आणि काय पटणार नाही याचा अंदाज घेण्यात तरबेज होता, आणि जे पटणार नाही ते तो समितीपुढे आणतच नव्हता. म्हणजे मग नकार दिसणार कुठून? नकार महापौराच्या डोक्यातच होऊन गेलेला असायचा, बैठकीच्या आधी, कागद टाइप होण्याच्याही आधी. राज्यशास्त्रात याला अपेक्षित प्रतिक्रियांचा नियम म्हणतात. समोरच्याने काहीही न करता त्याच्या मनासारखं होतं, कारण बाकीचे त्याला काय आवडेल हे धरूनच चालतात.

मी हे पुस्तकात वाचलं होतं पण मला ते खरं कळलं स्वतःमुळे. एका संस्थेच्या कमिटीवर मी काही वर्षं होते आणि बैठकीचा अजेंडा तयार करायचं काम माझ्याकडे होतं. तात्पुरत्या कर्मचाऱ्यांच्या भरपगारी रजेचा मुद्दा दोन-तीन जणांनी माझ्याकडे आणून दिला होता. मी तो कच्च्या यादीत लिहिला आणि मग स्वतःच खोडला, कारण अध्यक्षांना असले विषय आवडत नाहीत असं सगळेच म्हणायचे. अध्यक्ष मला कधी एका शब्दाने बोलले नव्हते. आज कुणी त्या बैठकांची इतिवृत्तं काढून बघितली तर त्यात दिसेल की अध्यक्षांनी त्या काळात एकही मागणी फेटाळली नाही, आणि ते अक्षरशः खरं असेल, आणि त्या कर्मचाऱ्यांना रजा मिळाली नाही हेही खरं असेल. त्या खोडलेल्या ओळीचं मला अजून वाईट वाटतं. पण त्या दिवसापासून मी 'कुणी विरोध केला नाही' हे वाक्य कुठल्याही रिपोर्टमध्ये वाचलं की थांबते.

१९६२ ला पीटर बाकरॅक आणि मॉर्टन बॅराट्झ यांनी नेमकं हेच डालच्या समोर ठेवलं, की सत्तेचा एक चेहरा निर्णयात दिसतो, आणि दुसरा चेहरा म्हणजे काही विषय निर्णयापर्यंत येऊच न देणं. त्याला ते 'न-निर्णय' म्हणाले. ऐकायला छान, पण तुझे सर लगेच विचारतील आणि विचारायलाच हवं, की जे घडलंच नाही ते मोजायचं कसं? डालच्या अटीला हे उत्तर आहे की पळवाट?

याचं सगळ्यात चांगलं उत्तर मॅथ्यू क्रेन्सनने १९७१ ला दिलं आणि तुझ्या सेमिनारचा निम्मा वेळ मी त्याला दिला असता. इंडियाना राज्यात गॅरी आणि ईस्ट शिकागो ही दोन शहरं अगदी लागून आहेत. दोन्ही पोलादाची, दोन्हीकडे धूर सारखाच वाईट, वस्तीही बरीचशी सारखी. ईस्ट शिकागोने हवा प्रदूषणावर कायदा केला १९४९ ला. गॅरीने केला १९६२ ला. १३ वर्षं जास्त लोक तोच धूर छातीत घेत राहिले. का?

फरक असा की ईस्ट शिकागोत पोलाद कंपन्या एकापेक्षा जास्त होत्या. गॅरी मात्र एकाच कंपनीचं शहर, यू. एस. स्टीलने १९०६ ला स्वतः वसवलेलं, नावसुद्धा कंपनीच्या अध्यक्षाचं. आता तुला वाटेल कंपनीने कायदा दाबून टाकला असेल, नगरसेवक फोडले असतील, धमक्या दिल्या असतील. पुरावा उलटाच आहे. कंपनीने उघड विरोध जवळजवळ केलाच नाही. प्रदूषणाविरुद्ध धडपडणारे कार्यकर्ते अधिकाऱ्यांना भेटायला गेले की अधिकारी मान हलवायचे, हो फार वाईट आहे म्हणायचे, आणि पुढे काही नाही, ना हो ना नाही. भांडायलाच कुणी नव्हतं समोर. कंपनी गाव सोडून जाईल का, माणसं कमी करेल का, या नुसत्या अंदाजावर बाकीचे गप्प राहिले. न्यू हेवनच्या कमिटीचीच ही बहीण बघ, फक्त इथे आपल्याकडे शेजारचं शहर आहे ज्याच्याशी ताडून बघता येतं.

आणि तेच मला यात मोलाचं वाटतं. न घडलेली गोष्ट एका शहरात बसून मोजता येत नाही, पण तशाच दुसऱ्या शहरात ती घडली असेल तर विचारता येतं की इथे का नाही. क्रेन्सन दोनच शहरांवर थांबला नाही, त्याने ५१ अमेरिकन शहरांची माहिती घेऊन बघितलं की उद्योग ताकदवान आहे अशी नुसती ख्याती असेल तिथे हवेचा प्रश्न चर्चेला यायलाच उशीर होतो का, आणि तसं दिसलं. गंमत अशी नाही का की डालने हंटरला 'तू ख्याती मोजलीस' म्हणून हिणवलं होतं, आणि इथे ख्यातीच काम करून जातेय! तुझ्या मांडणीत हे दोन धागे एकमेकांना बांध, फार कमी लोक बांधतात.

पण इथेही सावध राहा. बहुलवाद्यांकडून नेल्सन पॉल्सबीने यावर आक्षेप घेतला तो हलका नाहीये. गॅरीच्या लोकांनी हिशोब करूनच धूर सहन केला नसेल कशावरून? पोटापुढे धूर सोसला असेल, ती त्यांची निवड असेल, तुम्ही बाहेरून येऊन सांगणार की त्यांना खरं काय हवं होतं? हा प्रश्न अभिजनवाद्यांच्या वर्मी लागतो, कारण त्यांच्यातले काही जण खरंच असे घसरतात की लोक बोलले तर दडपलेत आणि गप्प बसले तर जास्तच दडपलेत, म्हणजे काहीही झालं तरी सिद्धांत खरा. ज्या सिद्धांताला काहीच खोटं पाडू शकत नाही त्याचा तुला काही उपयोग नाही. मला क्रेन्सनची बाजू वजनदार वाटते ती यासाठी की नोकरी की हवा ही निवड करायला तरी तो प्रश्न कुणीतरी मोठ्याने विचारावा लागतो, बैठकीत यावा लागतो, वर्तमानपत्रात यावा लागतो, आणि गॅरीत तो कितीतरी वर्षं विचारलाच गेला नाही. शेजारी विचारला गेला आणि तिथे कायदा झाला.

आता ओक स्ट्रीट. १९७८ ला विल्यम डॉमहॉफने न्यू हेवन परत उघडलं, आणि त्यासाठी खुद्द डालने त्याला आपल्या मुलाखतींच्या जुन्या नोंदी बघायला दिल्या, हे मला फार मोठेपणाचं वाटतं. डॉमहॉफचं म्हणणं असं की डालने गोष्ट उशिरा सुरू केली. पुनर्विकासासाठी चेंबर ऑफ कॉमर्स ली निवडून यायच्या कितीतरी आधीपासून धडपडत होती, आराखडे १९४० च्या दशकातच फिरत होते, येलला जागा हवी होती आणि पुढे शहराच्या जुन्या हायस्कूलची जागा येलने विकत घेतलीही. शिवाय पैसा ज्या १९४९ च्या केंद्रीय गृहनिर्माण कायद्यातून येत होता तो घडवताना देशपातळीवर बांधकाम आणि जमीनजुमल्याशी जोडलेल्या मंडळींनी जोर लावला होता. म्हणजे महापौराने गाडी चालवली हे खरं, पण रस्ता आधीच टाकलेला होता. यावर डॉमहॉफची प्रत्येक गोष्ट मला पटते असं नाही. ली नसता तर हे आराखडे फायलीतच राहिले असते असं मला वाटतं, कारण आधीच्या महापौरांच्या काळात ते राहिलेच होते. माणसाचं कर्तृत्व शून्य धरणं हाही आळसच.

पण ज्या वस्तीची अवस्था बघून ली रस्त्याच्या कडेला बसला होता त्या ओक स्ट्रीटचं काय झालं? ती वस्ती पाडली. शेकडो कुटुंबं आणि दुकानं उठली, आणि तिथून एक रुंद रस्ता काढला, ओक स्ट्रीट कनेक्टर, जो पुढे ठरल्याप्रमाणे पूर्ण झालाच नाही, मैलभर जाऊन थांबला. मी लीच्या हेतूवर शंका घेत नाही, त्याचं पोट खरंच ढवळलं होतं. माझा प्रश्न वेगळाच आहे. हिलच्या लोकांनी धातूची घरं अडवली ना, मग ओक स्ट्रीटच्या लोकांना आपलीच घरं का वाचवता आली नाहीत? दोन्हीकडे सामान्य माणसं, तेच शहर, तोच सुमार. हिलमध्ये समोर एकटा घरबांधणीवाला होता, त्याच्यामागे कुणी नव्हतं. ओक स्ट्रीटच्या समोर महापौर होता, केंद्राचा पैसा होता, आणि शहरातली यच्चयावत वजनदार माणसं असलेली ती समिती होती, जिने आधीच मान हलवली होती. आणि त्या चारशेच्या समितीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांचा आवाज कितीसा? १९६७ च्या ऑगस्टमध्ये याच न्यू हेवनमध्ये दंगल उसळली, जे शहर सगळ्या देशाला पुनर्विकासाचा नमुना म्हणून दाखवलं जात होतं. डालच्या चौकटीने तो राग आधी का दिसला नाही हे तू सेमिनारमध्ये विचारू शकतेस, कारण ती चौकट पुढे आलेले प्रस्ताव मोजत होती आणि हा राग प्रस्ताव होऊन कधी आलाच नव्हता.

मी कुठे उभी आहे विचारशील तर सांगते. निर्णय टेबलावर आल्यानंतर काय होतं हे डाल बरोबर सांगतो, तिथे मतं, संघटना, निवडणुकीची भीती यांना खरंच किंमत असते आणि हे नाकारणारा माणूस हिलच्या लोकांचा अपमान करतो. पण टेबलावर काय येतं हे ठरण्यात ज्यांच्याकडे जमीन, भांडवल आणि नोकऱ्या आहेत त्यांचं पारडं जड असतं, आणि ते जड असायला त्यांना कट करावा लागत नाही, एकत्र बसावंसुद्धा लागत नाही. हंटरसारखी एक यादी करून 'हेच ते' म्हणण्यात म्हणूनच चूक आहे. पुढे डालसुद्धा उद्योगांच्या या खास स्थानाबद्दल बरंच कडक लिहायला लागला, तेव्हा तुझं मत बदलतंय याची लाज वाटून घेऊ नकोस.

सेमिनारसाठी आता असं कर. तुला माहिती असलेला, कागद मिळतील असा एकच निर्णय घे, मोठा नको. त्याचं शेवटचं रूप सोड आणि पहिला मसुदा मिळव, मिळाला तर मधली पत्रं पण मिळव. दोन्ही शेजारी ठेवून बघ काय गळलं, आणि गळलं ते कुणी बोलल्यावर गळलं की कुणी बोलायच्या आधीच. बोलल्यावर गळलं असेल तर तो डालचा पुरावा आहे, कोण बोललं ते लिहून काढ. आधीच गळलं असेल तर ज्याने मसुदा लिहिला त्या माणसाला जाऊन विचार का काढलंस, तो बहुतेक वेळा सरळ सांगतो, 'चाललंच नसतं' असं काहीतरी. 'कुणाला चाललं नसतं?' हा तुझा पुढचा प्रश्न. आणि मग तसाच निर्णय दुसरीकडे कुठे झाला ते शोध, जिथे ती चालवून न घेणारी व्यक्ती किंवा कंपनी नव्हती. तिथेही तीच गोष्ट गळली असेल तर तुझा संशय चुकला, कारण काहीतरी वेगळं आहे, खर्च असेल, कायदा असेल. तिथे ती टिकली असेल तर तुझ्या हातात गॅरीसारखं काहीतरी आलंय.

सरांना बाजू हवीच आहे तर बाजू या एका निर्णयापुरती घे आणि तशी स्पष्ट सांग, अख्ख्या लोकशाहीबद्दल नको. आणि पॉल्सबीचा तो आक्षेप, की लोकांना खरं काय हवं होतं हे तू कोण ठरवणार, त्याचं उत्तर आधीच लिहून ने. पहिला प्रश्न तोच येईल.